मामलेदाराची टोपी

पासबुकावरचा पत्ता बदलायला बँकेत गेलो होतो. माझा नंबर पुकारला गेला तेव्हा मी काउंटरपासून चार पावलांवर बसलेला होतो. तरी तो गेलाच. कारण त्या क्षणी मी तासगावचा मामलेदार होतो.

शेजारी नव्वदी ओलांडलेले एक आजोबा होते, हयातीचा दाखला द्यायला आलेले. डोक्यावर कडक इस्त्रीची गांधी टोपी. सोबत पणतू, शाळेच्या गणवेशात, मांडीवर वही. प्रकल्प उद्याच द्यायचा होता आणि घरी आजोबा मालिका सोडून बोलत नाहीत, म्हणून मुलाखत बँकेत.

"प्रश्न पहिला. तुम्ही गांधीजींना भेटलात का?"

"नाही."

"प्रश्न दुसरा. तुम्ही कुठल्या तुरुंगात होता?"

"अरे, बेचाळीस साली मी तुझ्याएवढा होतो. मला तुरुंगात कोण घेणार?"

पोराने दोन्ही प्रश्नांपुढे फुली मारली. हे प्रश्न ज्या बाईंनी काढले त्यांनी वयाचा हिशोब केला नसावा. पण शाळांच्या प्रकल्पांबद्दल बोलायला लागलो तर लेख तिकडेच संपेल. थर्माकोलचा शनिवारवाडा मी स्वतः रात्री दोनपर्यंत कापलेला आहे.

"बरं, इंग्रज तरी बघितलात?"

"एकही नाही."

पोराचा चेहरा पडला. "मग लढलात कुणाशी?"

"कचेरीशी," आजोबा म्हणाले, आणि इथून ते खुलले. तासगावात गोरा माणूस कुणी बघायचा? गावोगावचा शेतसारा जमा व्हायचा तो मामलेदार कचेरीत. सरकारी खजिना तिथे, कैद्यांची कोठडी तिथे. बसलेली माणसं सगळी मराठी बोलणारी. गावाला दिसणारं इंग्रज सरकार ते एवढंच, म्हणून मोर्चाही तिथेच. ९ ऑगस्टला गांधीजींना मुंबईत धरलं आणि पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. ("आमची सहल गेली होती तिथे!" पोरगं मध्येच.) पुढच्या महिन्याभरात सातारा जिल्ह्यात एकामागून एक तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगाव तेव्हा साताऱ्यातच. तिथला मोर्चा ३ सप्टेंबर १९४२ चा.

"कचेरीवर तिरंगा चढवला. आणि मामलेदाराला गांधी टोपी घातली."

"म्हणजे कशी?"

"अशी!" म्हणून आजोबांनी आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर बसवली. मी उठू नये म्हणून बाही मुठीत धरली. "हे बघ, हे मामलेदार. डोक्यावर सरकारची पगडी असते. तिच्या जागी ही आली की मामलेदार कुणाचा?"

"काँग्रेसचा," पोरगं म्हणालं आणि त्याने माझा फोटो काढला. माझा! विचारायची पद्धत नाही.

नंबर पुकारला गेला तो नेमका तेव्हा. मी हात वर केला. काउंटरवरच्या बाईंनी टोपी बघितली आणि गोड आवाजात, हळूहळू, मला नीट ऐकू यावं म्हणून म्हणाल्या, "आजोबा, हयातीच्या दाखल्याचं पलीकडे हं. सावकाश या, घाई नाही."

मी अजून साठीचाही नाही. पत्ता बदलायचाय असं ओरडून सांगेपर्यंत पुढचा नंबर लागला होता. परत टोकन घ्या म्हणाल्या. यंत्रातला कागद संपलेला. रोल आणायला गेलेला शिपाई जेवायला बसलेला. या लोकांवर मोर्चा नेला तर टोपी घालायची कुणाला? मॅनेजर प्रशिक्षणाला गेलेत.

चरफडत परत येऊन बसलो, तर आजोबांचा आवाज उतरला होता. पोराने विचारलं होतं, सगळीकडे अशीच टोपी घातली का?

"नाही. तासगावात निभावलं. नंतर सहाच दिवसांनी खटाव तालुक्यातलं वडूज. तिथेही हातात झेंडाच होता. पोलिसांनी गोळ्या घातल्या. परशुराम घार्गे पुढे होते, ते गेले. त्यांना धरून नऊ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळीबार. त्यानंतर उघडे मोर्चे सरले आणि माणसं भूमिगत झाली. त्यातूनच पुढे नाना पाटलांचं प्रतिसरकार."

"हे प्रश्नांत नाहीये," पोरगं म्हणालं.

"लिही तरी."

त्याने लिहिलं. वडूजचा 'डू' ऱ्हस्व लिहिला, तो आजोबांनी सुधारून घेतला. मग पेन चावत त्याने विचारलं, "मामलेदारांनी ती टोपी नंतर घरी गेल्यावर काढली का?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. जणू ते मलाच माहीत असणार.

"मला काय विचारता?" मी म्हणालो. "माझी अजून तुम्हीच परत घेतलेली नाही."

"असू द्या थोडा वेळ," आजोबा म्हणाले. "त्याला आणखी एक फोटो हवाय. मघाचा हललाय."