गोठवल्याने पाणी शुद्ध होत नाही

"बर्फ होताना इतक्या थंडीत जंतू मरतच असतील ना? मग सरबतातल्या बर्फाची भीती कशाला?"

काही मरतात, पण सगळे नाही. पाणी गोठताना क्षार आणि घाण स्फटिकांच्या बाहेर ढकलली जाते आणि मधल्या बारीक फटींतल्या खारट द्रवात साठते. अनेक जीवाणू तिथेच निपचित पडून राहतात. प्रयोगशाळेत तर जीवाणू जपण्यासाठी मुद्दाम गोठवून ठेवतात! विषाणू याहून चिवट. 1987 मध्ये अमेरिकेत पुराचे पाणी शिरलेल्या विहिरींच्या पाण्याचा बर्फ विकला गेला. तो पेयांत घालून घेतलेल्या बऱ्याच लोकांना नोरोव्हायरसच्या गटातल्या विषाणूमुळे उलट्या-जुलाब झाले.

गोठल्यावर जंतू वाढत नाहीत, एवढेच खरे. पण ग्लासात बर्फ वितळला की जिवंत राहिलेले थेट पोटात जातात, आणि लिंबाचा आंबटपणा तेवढ्या मिनिटांत त्यांना संपवत नाही. काचेसारखा पारदर्शक बर्फ पाहूनही फसू नका, कारण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी आधी खळखळून किमान एक मिनिट उकळून, झाकून गार करून मग गोठवले तर ठीक. तरीही तो फोडणारे हात आणि गुंडाळायचे गोणपाट स्वच्छ हवेच. गाडीवर हे कळायला मार्ग नसतो, म्हणून मी सरबत बर्फाशिवायच मागते, आणि त्यात घातलेल्या पाण्याचीही चौकशी करते.