अधिक-उणे तीन टक्के

“मामा, निवडणुकीच्या मतचाचणीत एका पक्षाला ३८ आणि दुसऱ्याला ३५ टक्के मते दाखवली आहेत. हजार लोकांना विचारलंय, खाली ‘अधिक-उणे ३ टक्के’ असं लिहिलंय. म्हणजे बरोबरीच ना?”

भाच्याची शंका अर्धी बरोबर आहे. ‘अधिक-उणे ३’ ही नमुना निवडताना योगायोगाने होणाऱ्या चुकीची मर्यादा असून ती प्रत्येक पक्षाच्या मतटक्क्यासाठी स्वतंत्रपणे दिलेली असते, दोघांमधील अंतरासाठी नव्हे. नमुन्यात एका पक्षाचे मतदार योगायोगाने अधिक आले की प्रतिस्पर्ध्याचे बहुधा कमी येतात, त्यामुळे अंतरातील चूक वाढते आणि ३८ व ३५ यांच्या बाबतीत ती सुमारे ५.३ टक्क्यांपर्यंत जाते. याचा अर्थ खरी आघाडी ८ टक्क्यांची असू शकते, किंवा पुढे दिसणारा पक्ष २ टक्क्यांनी मागेही असू शकतो. परंतु या पट्ट्यातील सगळे आकडे सारखेच संभवत नाहीत. मधले अधिक संभवतात आणि टोकांचे क्वचित. म्हणून पहिला पक्ष पुढे असण्याची शक्यता मागे असण्यापेक्षा बरीच मोठी आहे, मात्र त्यावर विसंबून निकाल जाहीर करण्याइतका पुरावा या एका चाचणीत नाही.

हाच पक्ष मागच्या महिन्यात ३५ वर होता आणि आता ३८ वर आला, तर वाहिन्यांवर लगेच लाटेची चर्चा सुरू होते. हजार-हजारांच्या दोन चाचण्यांमधील असा बदल ४ टक्क्यांहून अधिक असल्याशिवाय त्याला निव्वळ योगायोगापासून वेगळे काढता येत नाही. त्याच हजारांतील सव्वाशे तरुणांचा कौल वेगळा काढून दाखवतात तेव्हा मर्यादा ९ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि पडद्यावर मात्र तीच जुनी ३ टक्क्यांची ओळ राहते.

माझे दाजी या चर्चेत दर वेळी म्हणतात, “आमच्याकडे आजवर कुणी विचारायला आलं नाही, मग हे आकडे कुणाचे?” कोट्यवधी मतदारांत त्यांच्यापर्यंत कुणी न पोहोचणे स्वाभाविकच आहे, आणि नमुना खरोखर यादृच्छिक असेल, म्हणजे प्रत्येक मतदाराला निवडले जाण्याची सारखी संधी असेल, तर देश लहान असो की मोठा, हजारांच्या नमुन्याची अचूकता जवळजवळ तीच राहते. तरी त्यांच्या तक्रारीत एक खरा प्रश्न दडलेला आहे: ज्यांच्यापर्यंत चाचणी पोहोचत नाही ते लोक इतरांसारखेच मत देतात का?

मी राहतो त्या ब्रिटनमध्ये २०१५ साली याच प्रश्नाने चाचण्यांना पाडले. शेवटच्या चाचण्या दोन मोठ्या पक्षांना जवळपास समान दाखवत होत्या आणि प्रत्यक्षात हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे राहिला. एखादी चाचणी योगायोगाने चुकते, पण सगळ्या एकाच दिशेला चुकल्या तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने मुख्य दोष नमुन्यांचा ठरवला: मजूर पक्षाचे मतदार त्यांत प्रमाणाबाहेर होते. अनेक वर्षे सर्वेक्षणाचे क्षेत्रकाम केलेल्या माझ्या एका सहकारी बाई सांगतात, की त्यांची खरी चिंता दार न उघडणाऱ्या माणसांची असे. छापील मर्यादा त्या माणसांविषयी एक अक्षरही बोलत नाही.

या अनुभवानंतर, २०१८ पासून, ब्रिटिश पोलिंग कौन्सिल या चाचणी संस्थांच्या संघटनेच्या सदस्यांना मतदानाच्या कलाबरोबर एक विधान द्यावे लागते. मागील निवडणुकांतील चाचण्यांचा प्रत्यक्ष अनुभव पाहता, पक्षाचा खरा आकडा चाचणीच्या ४ टक्क्यांच्या आत असण्याची शक्यता दहात नऊ आहे, असे ते सांगते. सूत्रातून निघणाऱ्या मर्यादेऐवजी झालेल्या चुकांवरून काढलेला आकडा वाचकाच्या हाती देणे मला अधिक प्रामाणिक वाटते, आणि आपल्याकडे तसे व्हावे असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडची अडचण मात्र एका पायरीने मोठी आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या आणि तिला २९३ मिळाल्या. काही संस्थांचे नमुने लाखांत होते. निव्वळ योगायोगाची चूक तिथे नगण्य असायला हवी होती. परंतु नमुना एका बाजूला कललेला असेल तर तो कितीही वाढवला तरी कल तसाच राहतो, शिवाय मतटक्क्याचे जागांमध्ये रूपांतर करताना, विशेषतः बहुरंगी लढतीत, दोन टक्क्यांची चूक कित्येक जागा फिरवते. सहकारी बाईंच्या मते, अशा परिस्थितीत जागांचा आकडा देऊच नये, फक्त मतटक्का द्यावा. मला वाटते, की जागांचा अंदाज द्यावा, पण रुंद पट्ट्यासह आणि त्याच संस्थेच्या मागील चुका शेजारी छापून. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.