वजन कमी भरलं? शेठला मेसेज असा टाका

लोखंडवाल्या शेठकडून अँगल आले, बिल आलं आणि माल हाताला हलका लागतोय, अशी शंका आली तर सर्वांत आधी शंका गिळा. माल उतरवून घ्या, डिलिव्हरी मेमोवर सही ठोका, दोन-चार लांब्या कटरखाली घाला, ट्रॉलीच्या बॉडीला टाकेही मारा. मग रात्री जेवण झाल्यावर शेठला मेसेज टाका: "शेठ, या वेळी माल थोडा हलका वाटून रायला जी." 'वाटून रायला' हे महत्त्वाचं. आकडा एकही नको. शेठचं उत्तर ठरलेलंच असतं, "भाऊ, मिलवरूनच असा येते." विषय संपला, झोप चांगली लागते.

काही जणांना मात्र अशी झोप मानवत नाही. ते ट्रॅक्टरवाल्याला थांबवतात आणि गावातल्या कापूस व्यापाऱ्याकडून लटकता काटा मागून आणतात. असल्या लोकांपासून दूर राहा. त्यांचा उद्योग कसा चालतो ते सांगतो, म्हणजे चुकूनही तुमच्या हातून तसं व्हायचं नाही.

समजा तुम्ही ५० बाय ५० बाय ५ एमएमचे वीस नग मागवले. तक्त्यात या अँगलचं वजन मीटरला ३.८ किलो. सहा मीटरची लांबी म्हणजे २२.८, आणि वीस नगांचे ४५६. बिलावरही बरोबर ४५६ किलो. आता हे लोक बिलाकडे बघून हसतात. रस्त्यावरचा धर्मकाटा पाच-पाच किंवा दहा-दहा किलोंनी सरकतो, त्याच्यावर ४५६ दिसणारच कसे? म्हणजे माल काट्यावर चढलाच नाही, कॅल्क्युलेटरवर चढला. शेठनं 'काटा करूनच पाठवला' म्हटलं, तर चिठ्ठी मागायचीही त्यांना लाज वाटत नाही. तुम्ही मागू नका. चिठ्ठी मागणं म्हणजे शेठच्या घराण्यावर संशय घेतल्यासारखं.

मग ते एक नग मधोमध दोरी बांधून लटकवतात. काटा दाखवतो १९.८. एकावर भागत नाही, म्हणून ढिगातले वेगवेगळे चार-पाच नग तोलतात आणि सरासरी काढतात. टेप लावला तर लांबी पूर्ण सहा मीटर, म्हणजे चोरी लांबीत नाही. मग व्हर्नियर लावतात, तोही कडेला नाही (कड गोल असते, आकडा कमी येतो) आणि कोपऱ्याजवळही नाही (तिथं लोखंड जाड असतं). पात्याच्या मध्ये लावतात. तिथं पाचाऐवजी ४.४ येतात. ५० आणि ५० ची बेरीज करून त्यातून जाडी वजा करायची, उरलेल्याला जाडीनं गुणायचं आणि मग ०.००७८५ नं. मीटरचं वजन ३.३ किलो निघतं, सहा मीटरचे १९.८. व्हर्नियर आणि काटा एकच बोलतात. दोन साक्षीदार जुळले की शेठची पंचाईत होते, म्हणून तुम्ही एकच वापरा, शक्यतो एकही नको.

आणि मग हे महाभाग असा मेसेज लिहितात. डोळे झाकून वाचा:

"नमस्कार शेठ. आज दुपारी आलेले ५० बाय ५ चे २० नग. बिलात ४५६ किलो. आमच्याकडं पाच नग तोलले, सरासरी १९.८ किलो, म्हणजे २० नगांचे ३९६. फरक ६० किलो. पात्याच्या मधातली जाडी ४.४. काट्याचे आणि व्हर्नियरचे फोटो जोडले आहेत. एकही नग कापलेला नाही. तुमचा माणूस पाठवा, गावच्या कोणत्याही काट्यावर समोर तोलू. नाहीतर ६० किलोची क्रेडिट नोट द्या. किलोला ६० रुपयांनी ३६०० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ६४८."

बघा, जो माल आलाच नाही त्याच्यावर भरलेला करसुद्धा सोडत नाही! किती हा हिशेबीपणा.

शेठ म्हणेल, "लाटताना थोडंफार कमी-जास्त होतेच, टॉलरन्स म्हणतात त्याले." मान डोलवा. टॉलरन्स काही टक्क्यांचा असतो आणि इथं तेरा टक्के गेले, हे मनातसुद्धा आणू नका. शेठ पुढं म्हणेल, "हलका माल तर सगळेच वापरतात." हेही खरंच आहे. हलका अँगल प्रत्यक्ष वजनावर घेतला तर पैसा बुडत नाही, उलट किलोमागे लांबी जास्त मिळते. फक्त गिऱ्हाईकाला कोटेशनमध्ये 'पाच एमएम' लिहून दिलं असेल, तर पहिल्या भरल्या खेपेला ट्रॉली काय म्हणते ते त्यालाच ऐकू द्या.

मेसेज टाकणाऱ्यांचं नुकसान एवढंच होतं की पुढच्या वेळी फोनवर भाव सांगायच्या आधी शेठ विचारतो, "भाऊ, काट्यानं देऊ का नगानं?" आणि काट्याचा भाव दोन रुपये जास्त सांगतो.