एमबीएचे पंचवीस लाख ‘वसूल’ कधी होतात?

“खासगी कॉलेजातून २५ लाखांचं एमबीए करा. ७ लाखांचं पॅकेज थेट १६ वर जातं. तीन वर्षांत पैसे वसूल, पुढची तीस वर्षं निव्वळ फायदा!”

असा सल्ला सर्रास मिळतो. आधी त्यातल्या तीन वर्षांचं बघू. पुण्यातला एक इंजिनिअर धरा, हातात महिना ५० हजार. फी आणि होस्टेल मिळून २४ लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के. हप्ता लगेच सुरू होत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण व्याजाला सुट्टी नसते. शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचे सहा महिने संपेपर्यंत कर्ज साधारण २८.८ लाखांवर गेलेलं असतं. दहा वर्षांचा हप्ता बसतो ३८ हजार.

आता पगार. १६ लाखांच्या पॅकेजमध्ये व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं धरलेलं असतं. हातात येतात लाखभर. तुलना मात्र जुन्या ५० हजारांशी करायची नाही. नोकरी चालू ठेवली असती तर दोन वर्षांत तोही ६५ हजारांवर गेला असता. म्हणजे फरक ३५ हजारांचा, आणि हप्ता ३८. पहिल्या वर्षी पदवीच महिन्याला तीन हजार खाते! शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार, बारा-साडेबारा लाख, तो कोणी मोजतच नाही.

दोन्हीकडे दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर फरकही वाढत जातो आणि तोपर्यंतचे हप्ते आणि बुडालेला पगार भरून निघायला नववं वर्ष उजाडतं. फरक ३५ हजारांवरच अडकला तर चौदा वर्षं. तीस वर्षांत फायदा होतो, हे मी नाकारत नाही. पण घराचं डाउन पेमेंट, लग्न, मुलं हे सगळं नेमकं त्या तोट्याच्या वर्षांत येतं.

आणि ते १६ लाख तुम्हाला मिळतीलच कशावरून? दहातल्या नऊ जणांना १२ आणि एकाला ६० लाख मिळाले, तरी सरासरी १६.८ निघते. माहितीपत्रकावर तीच छापतात. कॉलेजला मध्यक, म्हणजे पॅकेज चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा विचारा, आणि किती मुलं प्लेसमेंटला बसली होती तेही. आकडा द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

“व्याजावर करात सवलत आहे ना?” ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी घेतली असेल तर विसरा.

मी एमबीएच्या विरोधात नाही. याच मुलाचं कर्ज २४ ऐवजी ६ लाखांचं धरा. हप्ता साडेनऊ हजारांवर येतो आणि पगार हाच मिळाला तर बुडालेला पगार आणि तोपर्यंतचे हप्ते चौथ्या वर्षी भरून निघतात. कमी फीची सरकारी किंवा विद्यापीठाची संस्था मिळवायला सीईटीसाठी आणखी एक वर्ष द्यावं लागलं, तरी नोकरी सांभाळून ते द्यायला माझी हरकत नाही.