वर्ष मोजायचं कुठून?

"लग्नाला वर्ष झालं, वय ३१, अजून दिवस गेले नाहीत. डॉक्टर म्हणतात अजून थांबा. मग नणंदेला सहा महिन्यांतच तपासण्या कशा सांगितल्या?"

ताई, नणंदबाई पस्तिशीच्या पुढे असतील तर डॉक्टरांचं बरोबर आहे. त्या वयात वर्षभर न थांबता सहा महिन्यांनीच तपासतात, कारण स्त्रीबीजं झपाट्याने कमी होत जातात. पस्तिशीच्या आत वर्ष देतात, कारण शंभरातल्या ऐंशीहून जास्त जोडप्यांना तेवढ्यात दिवस जातात. पण हे वर्ष लग्नापासून नाही, गर्भनिरोधक बंद करून नियमित संबंध सुरू झाल्यापासून मोजतात.

माझ्या वहिनीची पाळी पन्नास-साठ दिवसांनी यायची. म्हणजे वर्षात जेमतेम सहा-सात पाळ्या, त्यातही दरवेळी स्त्रीबीज बाहेर पडेलच असं नाही. तिच्या डॉक्टरांनी कॅलेंडरवरच्या खुणा बघितल्या आणि एकही महिना न थांबता थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी सांगितली. तुमचीही पाळी अशी लांबत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि कृपा करून नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घ्या. दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून नमुना द्यायचा, एवढंच. आमच्याकडे भावाने ती चार महिने टाळली आणि तोवर सुया वहिनीलाच टोचल्या गेल्या.