फोटोतली गाठ आणि बाहेर काढलेली जीभ

शाळेतला मित्र पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग बघतो. रविवारी रात्री त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: बारा वर्षांचा पुतण्या, मान वर केलेली आणि गळ्याच्या मधोमध लिंबाएवढी गाठ. खाली एकच ओळ, "थायरॉईडच ना रे? घरी आयोडीनवालं मीठ बदललंय."

मी लिहिलं, "फोटोत कळत नाही, नाशिकला घेऊन ये." त्याला राग आला. एवढं शिकून साधी गाठ ओळखता येत नाही!

खरंच येत नाही. त्या जागी थायरॉईडची गाठ, सुजलेली लसिकाग्रंथी, डर्मॉईड गाठ, काहीही असू शकतं, आणि फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. फोटोतली मान हलत नाही, तिथेच सगळं अडतं.

मंगळवारी पोरगा आला. आधी त्याला पाण्याचा घोट दिला. गिळताना गाठ वर सरकली. मित्र लगेच म्हणाला, "बघ, थायरॉईडच!" कारण थायरॉईड श्वासनलिकेला चिकटलेली असते, ती गिळताना वर जाते, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. पण गिळताना वर जाणारी दुसरीही एक गाठ असते.

मग त्याला तोंड उघडायला लावलं, जबडा स्थिर ठेवायला सांगितला आणि गाठ दोन बोटांत हलकेच धरली. "आता जीभ बाहेर काढ." बोटांना वरच्या दिशेने हिसका जाणवला. तोंड आधी उघडून घ्यावं लागतं, नाहीतर जबड्याच्या हालचालीने फसगत होते. हा हिसका डोळ्यांना अनेकदा दिसतही नाही.

गर्भात थायरॉईड जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली मानेत उतरते. ज्या वाटेने उतरते ती नळी पुढे बुजते. कधी कधी तिचा तुकडा राहतो आणि त्यात द्रव साचून थायरोग्लॉसल सिस्ट होते. जिभेशी असलेलं हे जुनं नातं टिकून असतं, म्हणून जीभ ओढली की गाठ ओढली जाते. अर्थात गाठीत आधी जंतुसंसर्ग होऊन ती आजूबाजूला चिकटली असेल तर हिसका लागत नाही, तेव्हा बोटंही फसतात.

म्हणून सोनोग्राफी केली. त्यात गाठीइतकंच महत्त्वाचं बघायचं होतं ते थायरॉईड आपल्या जागी आहे का हे. क्वचित ती गाठच रुग्णाची एकमेव थायरॉईड निघते. ती काढली तर आयुष्यभर गोळ्या. याची होती, जागेवर, नीट.

आता वार्षिक परीक्षेनंतर ऑपरेशन. नुसती गाठ काढून भागत नाही, जिभेच्या मुळाशी असलेल्या हायॉईड हाडाचा मधला तुकडाही काढतात, नाहीतर ती परत येण्याची शक्यता बरीच असते. काढलेली गाठ तपासायला जाईल, मग नाव पक्कं होईल. मीठ मात्र आयोडीनचंच ठेव, असं मी वहिनींना सांगितलं. गाठीचा त्याच्याशी संबंध नाही.