दर दहावा घ्या, पण एकपासून नको

"यादी लहान ते मोठी अशी चढत्या क्रमाने असेल तर डोळे मिटून सिस्टिमॅटिक सॅम्पलिंग करा. त्याहून अचूक पद्धत नाही. स्ट्रॅटिफाइड किचकट असतं, त्या भानगडीत पडू नका. सुरुवात पहिल्या नंबरपासून केली तरी चालते, उरलेली यादी आपोआप कव्हर होते. एरर नेहमीच्या सूत्रानेच काढायचा."

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये हा मेसेज किती दिवस फिरतोय देव जाणे. माझी भाची नागपुरात एम.एस्सी. करते, तिच्यापर्यंत तो पोचला आणि तिने त्यावर प्रोजेक्ट बेतलासुद्धा. सिस्टिमॅटिक म्हणजे यादीतून ठरावीक अंतराने उचलत जायचं: काटोलकडच्या संत्रा बागांची क्षेत्रफळानुसार लावलेली यादी, त्यातली पहिली बाग, मग अकरावी, मग एकविसावी. मी विचारलं, पहिलीच का? "मामा, ग्रुपवर तसंच लिहून आहे ना." लिहून आहे म्हणून मी हे लिहितोय.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य सुरुवातीच्या नंबरचं आहे, म्हणून आधी तेच. हिशेब सोपा राहावा म्हणून यादी ४० बागांची धरू. सगळ्यात लहान बागेत ४१० झाडं, पुढच्या प्रत्येक बागेत दहा जास्त, शेवटचीत ८००. बागेमागे खरी सरासरी ६०५ झाडं. आपल्याला चारच बागांत जाऊन झाडं मोजता येतात, म्हणून दर दहावी बाग घ्यायची. एकपासून निघालो तर १, ११, २१, ३१ या बागा येतात. त्यांची झाडं ४१०, ५१०, ६१०, ७१०, सरासरी ५६०. बागेमागे ४५ झाडं कमी, चाळीस बागांत मिळून १८०० झाडं गायब!

कारण उघड आहे. यादीचे दहा-दहाचे चार गठ्ठे केले तर आपण चारही गठ्ठ्यांतली सगळ्यात लहान बाग उचलली. यादी कव्हर झाली हे खरं, पण प्रत्येक ठिकाणी खालच्या टोकाने. दहापासून निघालो असतो तर याच्या बरोबर उलट, ६५० आली असती. एक ते दहामधला आकडा चिठ्ठी टाकून काढला तर कधी कमी, कधी जास्त असं होऊन दहाही शक्यतांची सरासरी बरोबर ६०५ वर येते. चिठ्ठी टाकणं हा उपचार नाही, या पद्धतीत यादृच्छिक म्हणावी अशी ती एकच गोष्ट आहे. ती काढून टाकली की उरतो तो ठरलेला पूर्वग्रह. शिवाय बागा वाढवूनही तो जात नाही. दर दहावीच बाग घेत राहिलात तर यादी चारशेची झाली तरी बागेमागे ४५ झाडांची तूट तशीच राहते.

आता अचूकतेचा दावा. अर्धा खरा आहे, मान्य करावं लागेल. चढत्या यादीत सिस्टिमॅटिक पद्धत सिंपल रँडमला, म्हणजे अख्ख्या यादीतून चार चिठ्ठ्या काढण्याला, सहज हरवते, कारण सिंपल रँडममध्ये चारही बागा एकाच टोकाच्या येऊ शकतात. पण "त्याहून अचूक पद्धत नाही" हे चूक. कॉक्रनच्या 'सॅम्पलिंग टेक्निक्स' या पुस्तकात, आठव्या प्रकरणात, सरळ रेषेत वाढणाऱ्या यादीसाठी तिन्ही पद्धतींचे व्हेरियन्स शेजारी मांडलेले आहेत. क्रम स्पष्ट आहे: स्ट्रॅटिफाइड सगळ्यात कमी, मग सिस्टिमॅटिक, मग सिंपल रँडम. आपल्या चाळीस बागांना ती सूत्रं लावली तर स्टँडर्ड एरर, म्हणजे व्हेरियन्सचं वर्गमूळ, अंदाज खऱ्या सरासरीपासून साधारण किती हलतो ते, अनुक्रमे सुमारे १४, २९ आणि ५५ झाडं येतो.

स्ट्रॅटिफाइड पुढे का जातं, तेही त्या गठ्ठ्यांत दिसतं. सिस्टिमॅटिकमध्ये एक चिठ्ठी चारही बागा ठरवते, म्हणून चुकल्या तर चारही एकाच बाजूला चुकतात. स्ट्रॅटिफाइडमध्ये प्रत्येक गठ्ठ्यासाठी वेगळी चिठ्ठी. एका गठ्ठ्यात लहान बाग आली तर दुसऱ्यात मोठी येऊ शकते, आणि चुका एकमेकींना खातात. किचकटपणा म्हणाल तर यादी तीच, गठ्ठे तेच, फक्त एकाऐवजी चार चिठ्ठ्या. त्याची कसली भानगड?

(यादी नावाच्या अकारविल्हे असेल आणि झाडांशी तिचा काही संबंध नसेल तर तिन्ही पद्धती जवळपास सारख्याच. मग हा वादच नको.)

राहिलं एररचं नेहमीचं सूत्र, म्हणजे सिंपल रँडमचं. १, ११, २१, ३१ या नमुन्याला ते लावा: स्टँडर्ड एरर ६१ येतो. चिठ्ठी टाकून काढलेल्या सिस्टिमॅटिक नमुन्याचा खरा आहे २९. सूत्र बागांमधला चढ हीच अनिश्चितता समजतं. गंमत म्हणजे कुठूनही सुरुवात केली तरी ते ६१च देतं, कारण निवडलेल्या बागांमधलं अंतर दर वेळी तेच. एका सिस्टिमॅटिक नमुन्यातून व्हेरियन्सचा निःपक्ष अंदाज मिळतच नाही. नमुन्यातल्या लागोपाठच्या बागांमधल्या फरकांवरून काढला तर इथे ३४ येतो, पुष्कळ जवळ, पण तोही जुगाडच.

भाचीच्या चारही बागा मोजून झाल्या होत्या, म्हणून तिला येट्सने १९४८ साली सुचवलेली टोकांची दुरुस्ती करायला लावली. मधल्या बागांचं वजन एकच ठेवायचं आणि पहिल्या व शेवटच्या बागेचं वजन बदलायचं. बदल किती, ते या सूत्रातून येतं, यात r म्हणजे सुरुवातीचा नंबर, k म्हणजे अंतर, n म्हणजे नमुन्यातल्या बागांची संख्या:

```
n(2r − k − 1) / (2(n − 1)k)
```

आपल्या उदाहरणात हे −०.६ येतं. ते पहिल्या बागेच्या वजनात मिळवायचं, शेवटच्या बागेच्या वजनातून वजा करायचं. पहिलीचं वजन ०.४, शेवटचीचं १.६. मग ०.४ गुणिले ४१०, अधिक ५१०, अधिक ६१०, अधिक १.६ गुणिले ७१०, भागिले चार: ६०५. बरोबर नेमकी.

नेमकी आली ती यादी सरळ रेषेत होती म्हणून. खऱ्या यादीत शेवटी एकदम दोन-तीन हजार झाडांचा बागायतदार बसलेला असतो. तो नमुन्यात आला की त्याला १.६ ने गुणून आपण पुन्हा तोंडावर पडतो. म्हणून आधी यादी कागदावर आलेखासारखी मांडून बघायची. शेपूट वर उडालेली दिसली तर त्या मोठ्या बागा बाजूला काढून सगळ्याच मोजायच्या, आणि उरलेल्यांतून नमुना घ्यायचा.

आणि एरर मनापासून हवाच असेल तर एकाच सुरुवातीवर थांबू नये. दर विसावी बाग, पण एक ते वीसमधून दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या. बागा चारच लागतात, आणि दोन सरासऱ्यांमधला फरक एररचा प्रामाणिक अंदाज देतो. त्याची किंमत पडते: खरा स्टँडर्ड एरर २९ वरून ४० वर जातो. भाचीला पुढच्या फेरीसाठी मी गठ्ठे पाडून प्रत्येकातून दोन-दोन बागा घ्यायला सांगितलंय. आठ बागा होतील, पण एररही त्यातूनच निघेल.